निफ्टीच्या ऑप्शन चेनमधल्या 'भिंती': ओआयच्या गठ्ठ्यांवरून सपोर्ट-रेझिस्टन्सचा अंदाज कसा घ्यायचा

"पंचवीस दोनशेला कॉलची मोठी भिंत आहे, वर जात नाही आता." ऑप्शनचा व्यवहार करणाऱ्या कुणाशीही आठवडाभर बोललात तर हे वाक्य एकदा तरी कानावर पडतंच. माझ्याही पडलं होतं. मी ते शब्दशः खरं मानून त्याच स्ट्राइकचे दोन लॉट कॉल विकले. दुसऱ्या दिवशी दुपारी दीड वाजता निफ्टी त्या भिंतीतून असा निघून गेला, जणू तिथे काही नव्हतंच. संध्याकाळी चेन पुन्हा उघडली तेव्हा कळलं की सकाळी साडेदहापासूनच भिंतीच्या विटा निघत होत्या. मी फक्त भिंतीची उंची पाहिली होती, विटा वाढताहेत की कमी होताहेत हे पाहिलं नव्हतं.

म्हणून हा लेख. ऑप्शन चेनमध्ये कुठल्या स्ट्राइकवर ओपन इंटरेस्टचा गठ्ठा जमलाय, तो कामाचा आहे की नुसता दिसायला मोठा, आणि तो सुटायला लागला हे कसं ओळखायचं, एवढंच इथे सांगणार आहे. उदाहरण निफ्टीच्या साप्ताहिक ऑप्शनचं घेतो, कारण नवखा माणूस बहुधा तिथूनच सुरुवात करतो. कॉल आणि पुट म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

आधी आकडा कशाचा आहे ते

ओपन इंटरेस्ट, म्हणजे बोलण्यातला ओआय, हा अजून न मिटलेल्या सौद्यांचा आकडा. तुम्ही २५,२०० चा एक कॉल नव्याने विकत घेतला आणि समोरच्याने तो नव्याने विकला, तर ओआय एकाने वाढला. उद्या तुम्ही तो तिसऱ्याला विकून मोकळे झालात, तर ओआय तेवढाच राहिला, फक्त मालक बदलला. तुम्ही आणि मूळ विकणारा असे दोघंही बाहेर पडलात, तर एकाने घटला.

यातली खोच लक्षात ठेवा. प्रत्येक सौद्याला एक घेणारा असतो आणि एक विकणारा. 'एक लाख कॉल विकले गेलेत' हे जितकं खरं, तितकंच 'एक लाख कॉल विकत घेतले गेलेत' हेही खरं. मग आपण कॉलच्या गठ्ठ्याला रेझिस्टन्स, म्हणजे वर जाताना अडवणारी पातळी, आणि पुटच्या गठ्ठ्याला सपोर्ट, म्हणजे खाली जाताना सावरणारी पातळी, का म्हणतो? कारण बाजारात एक समज आहे: विकणाऱ्याला मार्जिन म्हणून मोठी रक्कम अडकवावी लागते, त्यामुळे विकणारे बहुधा भांडवलवाले आणि विचार करून उतरलेले असतात, आणि निफ्टी तिथवर जाणार नाही असं त्यांना वाटतं. समज अगदीच चुकीचा नाही, पण पुराही नाही. त्याकडे पुढे परत येऊ.

चेन उघडणं आणि योग्य रकाने पाहणं

एनएसईच्या संकेतस्थळावर ऑप्शन चेनचं पान उघडा आणि NIFTY निवडा. मधल्या रकान्यात STRIKE असतो, डावीकडे कॉल, उजवीकडे पुट. दोन्ही बाजूंना बरेच रकाने दिसतील, पण आपल्याला लागतात फक्त चार: OI, CHNG IN OI, IV आणि LTP. IV म्हणजे ऑप्शनच्या भावात बाजाराने धरलेला चढ-उताराचा अंदाज, LTP म्हणजे शेवटच्या सौद्याचा भाव. बाकीच्यांकडे सध्या दुर्लक्ष करा.

सगळ्यात आधी एक्सपायरीची तारीख तपासा. सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीची साप्ताहिक एक्सपायरी मंगळवारी असते, त्या दिवशी सुट्टी असेल तर आदल्या कामकाजाच्या दिवशी. जुने व्हिडिओ गुरुवार सांगतात, ते विसरा. बँक निफ्टीची साप्ताहिक एक्सपायरी तर नोव्हेंबर २०२४ मध्येच बंद झाली, तिथे आता मासिकच चेन पाहावी लागते.

दुसरी गोष्ट एककाची. एनएसईच्या पानावर ओआय लॉटमध्ये असतो, तर अनेक ब्रोकरांच्या ॲपमध्ये तो युनिटमध्ये, लाखांत दाखवतात. जानेवारी २०२६ पासून निफ्टीचा लॉट ६५ चा आहे, त्याआधी ७५ चा होता. म्हणजे एनएसईवर १,२२,००० दिसणारा आकडा ॲपवर ७९.३ लाख दिसेल. एका ठिकाणचा कालचा आकडा आणि दुसऱ्या ठिकाणचा आजचा आकडा शेजारी ठेवून 'ओआय पासष्टपट झाला' म्हणणारा माणूस मी स्वतः पाहिलाय. लॉटचा आकार बदलतो त्या काळातले आकडे ताडतानाही हीच काळजी घ्या.

CHNG IN OI हा बदल कालच्या शेवटच्या ओआयच्या तुलनेत असतो. मागच्या पाच मिनिटांत काय झालं हे तो सांगत नाही. ते हवं असेल तर स्वतः दर अर्ध्या तासाला आकडा लिहून ठेवावा लागतो.

नजर कुठवर टाकायची

इथेच बहुतेकांची पहिली चूक होते. संपूर्ण चेनमधला सगळ्यात मोठा आकडा शोधायचा आणि त्याला भिंत म्हणायचं. आता एक उदाहरण पायरीपायरीने करू. आकडे समजावण्यासाठी मी बनवलेले आहेत, प्रमाण मात्र खऱ्या बाजारासारखं ठेवलंय.

शुक्रवारची सकाळ, निफ्टी २५,०८०, एक्सपायरी येत्या मंगळवारी. कॉलच्या बाजूला ओआय असा आहे: २५,१०० वर ९८,०००, २५,२०० वर १,२२,०००, २५,३०० वर १,०५,००० आणि २५,५०० वर १,६८,०००. पुटच्या बाजूला २५,००० वर १,४१,०००, २४,९०० वर ९०,०००, २४,८०० वर ८४,००० आणि २४,५०० वर १,५२,०००.

सरळ पाहिलं तर कॉलची सर्वांत मोठी भिंत २५,५०० ला आणि पुटची २४,५०० ला. पण २५,५०० च्या कॉलचा भाव बघा, जेमतेम पाच रुपये. एवढ्या लांबच्या स्वस्त ऑप्शनमध्ये कोण असतं? कुणी लॉटरीच्या तिकिटासारखा घेतलेला असतो. कुणी जवळचा कॉल विकून मार्जिन कमी व्हावं म्हणून लांबचा घेतलेला असतो. शिवाय ५०० च्या पटीतल्या गोल आकड्यांवर लोकांचा ओढा कायमच असतो, बाजार कुठेही असो. निफ्टी तिथे पोचण्याची शक्यताच फार कमी, मग ती भिंत अडवणार कुणाला?

म्हणून आधी बाजारालाच विचारायचं की मंगळवारपर्यंत तुला किती हलायचंय. त्यासाठी निफ्टीच्या सर्वांत जवळच्या स्ट्राइकच्या कॉलचा आणि पुटचा भाव मिळवा. २५,१०० चा कॉल ९५ रुपये, पुट १०० रुपये, बेरीज १९५. याला स्ट्रॅडलचा भाव म्हणतात. २५,१०० च्या वर १९५ आणि खाली १९५ धरलं तर पट्टा येतो साधारण २४,९०५ ते २५,२९५. निफ्टी याच्या बाहेर जाणार नाही असं नाही, पण सध्याच्या किमतींत बाजाराने जो हिशोब धरलाय तो एवढा. या पट्ट्यातल्या आणि त्याला टेकलेल्या स्ट्राइककडेच बघायचं.

आता चित्र बदलतं. पट्ट्यात कॉलचा सर्वांत मोठा गठ्ठा २५,२०० वर आणि पुटचा २५,००० वर. २५,३०० वरचे १,०५,००० पट्ट्याच्या कडेला आहेत, ते दुसरी फळी म्हणून लिहून ठेवा.

शेजाऱ्यांशी तुलना

आकडा मोठा की लहान हे शेजारच्या स्ट्राइकवरून ठरवा. २५,००० च्या पुटवर १,४१,००० आणि शेजारच्या २४,९०० वर ९०,०००. फरक ठसठशीत आहे, पण २५,००० हा गोल आकडा असल्याने त्यातला काही भाग नुसत्या सवयीचा आहे. २५,२०० च्या कॉलवर १,२२,००० आणि दोन्ही शेजारी ९८,००० आणि १,०५,०००. फरक कमी आहे, पण स्ट्राइक गोल नाही, त्यामुळे मला हा गठ्ठा जास्त बोलका वाटतो. निफ्टीत ५० च्या अंतरानेही स्ट्राइक असतात, पण २५,१५० सारख्यांवर गर्दी नेहमीच विरळ असते. १०० च्या पटीतल्यांची तुलना १०० च्या पटीतल्यांशीच करा, नाहीतर प्रत्येक पूर्ण शतक भिंत वाटायला लागेल.

आठवड्यातला दिवसही बघा. बुधवारी नव्या आठवड्याच्या मालिकेत ओआय अजून पातळ असतो, तेव्हाच्या भिंती कागदाच्या. शुक्रवार-सोमवारपर्यंत त्यांना जरा आकार येतो. मंगळवारी दुपारनंतर सौदे इतक्या वेगाने उघडतात आणि मिटतात की अकराचा गठ्ठा अडीचला शिल्लक असेलच असं नाही.

रेघ नाही, पट्टा

२५,२०० ही रेघ मानलीत तर रोज फसाल. त्या कॉलचा भाव शुक्रवारी ५२ रुपये आहे. म्हणजे आज विकणाऱ्याला एक्सपायरीपर्यंत थांबला तर २५,२५२ पर्यंत तोटा नाही. तो २५,२१० ला घाबरून पळणार नाही, बाजाराला थोडं वर जाऊ देईल. म्हणून रेझिस्टन्स लिहायचा तो २५,२०० ते २५,२५० असा. खालच्या बाजूला २५,००० चा पुट ६० रुपयांचा, तर सपोर्ट २४,९४० ते २५,०००.

हेही ढोबळच आहे. प्रत्येकाने त्याच भावाला विकलेलं नसतं. बुधवारी ज्याने ९० ला विकला त्याची सहनशक्ती वेगळी, आज ज्याने ५२ ला विकला त्याची वेगळी. पण पाच-दहा अंकांच्या अचूकतेचा हट्ट धरण्यापेक्षा पन्नासचा पट्टा धरलेला बरा.

भिंत उभी आहे की सुटतेय

आता सोमवार उजाडला आणि निफ्टी २५,१९० ला आलाय. कसोटीची वेळ. इथे नवखा माणूस चार्टकडे बघतो, पण याच वेळी चेनकडे बघायला हवं.

एक शक्यता अशी. २५,२०० च्या कॉलचा ओआय १,२२,००० वरून १,५८,००० झालाय. नवे सौदे उघडताहेत हे नक्की. पण ते रेटून विकले जाताहेत की रेटून घेतले जाताहेत? प्रचलित युक्ती सांगते की ओआय वाढला आणि भाव पडला तर विक्री, भाव वाढला तर खरेदी. पण निफ्टी शंभर अंकांनी वर आलाय, कॉलचा भाव वाढणारच. त्यातून काही कळत नाही. म्हणून IV बघा. निफ्टीच्या हालचालीचा आणि उरलेल्या दिवसांचा परिणाम बाजूला काढल्यावर ऑप्शन महाग होतोय की स्वस्त, हे त्यातून ढोबळपणे दिसतं. ओआय वाढतोय आणि IV खाली येतेय किंवा जागच्या जागी आहे, तर विकणाऱ्यांचा जोर आहे, भिंत जाड होतेय. ओआय वाढतोय आणि IV पण चढतेय, तर घेणारे वाटेल तो भाव देताहेत. तो गठ्ठा रेझिस्टन्स म्हणून मी मोजत नाही, आकडा कितीही मोठा असो.

दुसरी शक्यता म्हणजे माझ्यावर गुदरलेला प्रसंग. निफ्टी २५,१९० आणि २५,२०० च्या कॉलचा ओआय १,२२,००० वरून अकराला १,०४,०००, साडेअकराला ८४,०००. भाव चढतोय, IV पण चढतेय. विकणारे कॉल परत विकत घेऊन निघताहेत, म्हणजे शॉर्ट कव्हरिंग. ही भिंत नुसती गायब होत नाही, जाताना ती इंधन बनते. कॉल परत घेणाऱ्याला विकणारा दुसरा कुणी असतो, आणि तो फ्युचर्सने समतोल साधणारा असेल तर कॉल विकताना फ्युचर्स घेतो. त्या खरेदीने निफ्टी आणखी वर जातो आणि उरलेल्यांना पळवतो. मोठी भिंत फुटल्यावर चाल वेगवान का होते, त्याचं एक कारण हे.

फुटल्यानंतर त्याच स्ट्राइकच्या पुटकडे बघा. निफ्टी २५,२६० ला टिकलाय आणि २५,२०० च्या पुटवर ओआय झपाट्याने वाढतोय, IV शांत आहे, तर कालचं छत आजची जमीन होतेय. पुट वाढत नसतील, तर वरच्या चालीवर लोकांचा भरवसा बसलेला नाही आणि निफ्टी परत खाली घसरू शकतो.

मी वेळ ठरवून घेतलीय: पावणेदहा, अकरा, साडेबारा, दोन. सव्वानऊला बाजार उघडल्यावर पहिली वीस-पंचवीस मिनिटं चेनकडे बघतच नाही, त्या वेळचे IV चे आकडे फार उड्या मारतात.

चेन जे सांगत नाही

आता त्या अर्धवट समजाकडे येतो. कॉल विकणारा भिंतीवर पहारा द्यायला बसलेला असतो, असं चित्र आपण रंगवतो. प्रत्यक्षात त्याने सोबत २५,४०० चा कॉल घेतलेला असू शकतो, म्हणजे भिंत फुटली तरी त्याचा तोटा बांधलेला. त्याच्याकडे फ्युचर्स किंवा शेअर असू शकतात, म्हणजे निफ्टी वर गेला तर तो खूशच. यातलं काहीही OI च्या रकान्यात दिसत नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, निफ्टी स्ट्राइकपाशी अडखळतो तो बहुतेक वेळा कुणाच्या मतामुळे नाही, तर धोका झाकण्याच्या व्यवहारांमुळे. समजा, त्या स्ट्राइकचे ऑप्शन विकत घेतलेल्या बाजूला मोठ्या संस्था आहेत आणि त्या रोज फ्युचर्सने समतोल साधतात. निफ्टी वर गेला की त्या फ्युचर्स विकतात, खाली आला की घेतात. आपोआप निफ्टी त्या स्ट्राइकभोवती घुटमळतो. एक्सपायरीच्या दुपारी तो गोल आकड्याला चिकटलेला दिसतो, त्यामागे बऱ्याचदा हे असतं. पण त्याच संस्था विकलेल्या बाजूला असतील तर उलटं होतं: निफ्टी वर गेला की त्यांना फ्युचर्स घ्यावे लागतात, खाली आला की विकावे लागतात, आणि चाल वाढते. दोन्ही वेळी ओआयचा आकडा तोच. १,२२,००० हे १,२२,०००च. म्हणून गठ्ठ्याचा आकार पाहून अंदाज बांधायचा आणि त्याच्या बदलावरून तो रोज खोडायची तयारी ठेवायची.

आणि मोठी बातमी आली की हे सगळं शेतातलं बुजगावणं. ४ जून २०२४, लोकसभेच्या निकालाचा दिवस घ्या. आदल्या दिवशी एक्झिट पोलच्या आनंदात निफ्टी २३,२६३ वर बंद झाला होता. निकालाच्या दिवशी तो २१,२८१ पर्यंत खाली गेला आणि २१,८८४ वर बंद झाला. वाटेतल्या प्रत्येक पुट स्ट्राइकची भिंत एका सत्रात तुडवली गेली. त्या वेळी एक्सपायरी गुरुवारी असायची, म्हणजे ६ जूनला. समजा, कुणी ३ जूनला '२२,५०० च्या खाली जात नाही' म्हणून तो पुट विकला असता. मंगळवारी नीचांकाला निफ्टी त्या स्ट्राइकच्या बाराशे अंक खाली होता. आणि गुरुवारी निफ्टी बंद झाला २२,८२१ वर, म्हणजे तोच पुट शेवटी शून्य झाला. सपोर्ट 'बरोबर' ठरला, पण मंगळवारी दुपारी ज्याचं मार्जिन संपलं त्याला गुरुवार बघायला मिळाला नाही. निकाल, अर्थसंकल्प, रिझर्व्ह बँकेचं पतधोरण असल्या दिवशी मी चेनच्या भिंती वहीत लिहितो, पण त्यांच्या भरवशावर सौदा करत नाही.

स्वतःच्या वहीत तपासणी

सौदा न करता आधी वही करा. रोज दुपारी तीन वाजता पाच गोष्टी लिहा: निफ्टी, जवळच्या स्ट्रॅडलचा भाव, पट्ट्यातला कॉलचा मोठा स्ट्राइक, पुटचा मोठा स्ट्राइक, आणि दोन्हींचा ओआय. संकेतस्थळावरून चेन सीएसव्ही फाइलमध्ये उतरवून घेता येते, तीही तारखेच्या नावाने ठेवून द्या. दुसऱ्या दिवशी शेजारी लिहा की निफ्टी त्यातल्या एखाद्या भिंतीला भिडला का, भिडला तर परतला की पार झाला, आणि भिडण्याआधी ओआय वाढत होता की घटत होता.

यात एक रकाना जास्तीचा ठेवा, तो मला फार उशिरा सुचला. तुमच्या भिंतीच्या शेजारचा, गठ्ठा नसलेला एक स्ट्राइकही रोज नोंदवा. वरच्या उदाहरणात भिंत २५,२००, तर सोबत २५,१००. निफ्टी कुठेतरी तर परतणारच, म्हणून 'भिंतीवरून दहापैकी सहा वेळा परतला' याला एकट्याने अर्थ नाही. शेजारच्या साध्या स्ट्राइकवरूनही तो दहापैकी सहा वेळा परतत असेल, तर गठ्ठ्याने तुम्हाला काहीच जादा सांगितलं नाही. वीस एक्सपायऱ्यांच्या नोंदीनंतर माझ्या वहीत नुसत्या मोठ्या आकड्याचा आणि शेजारच्या स्ट्राइकचा फरक जवळजवळ पुसला गेला. फरक उरला तो फक्त त्या दिवसांत, जेव्हा निफ्टी जवळ येत असताना ओआय वाढत होता आणि IV शांत होती. तुमच्या वहीत वेगळं निघू शकतं. मी आता फक्त तेवढेच दिवस मोजतो, आणि ते आठवड्यातून जेमतेम एखादा निघतो.